कन्साईनमेंट आणि शेल्फ भाडं, दोन्ही एकदम मान्य करू नका: लघुउत्पादकांना खुले पत्र

साखळी दुकानात आपला पाकीटबंद माल ठेवायला निघालेल्या सर्व लघुउत्पादकांना,

सप्रेम नमस्कार.

सुपरमार्केटच्या खरेदी विभागाचा पहिला होकार बहुधा फोनवर येतो आणि दोन वाक्यांत संपतो. ‘सुरुवातीला माल कन्साईनमेंटवर ठेवू. आणि शेल्फचं महिन्याचं ठरलेलं भाडं आहे, ते बिलातून कापून घेऊ.’ इतके दिवस खेटे घातल्यावर हे ऐकू आलं की माणूस पटकन ‘चालेल’ म्हणतो. हे पत्र त्या ‘चालेल’च्या आधी वाचण्यासाठी आहे. आम्ही साखळी दुकानांच्या आणि पुरवठादारांच्या खात्यांचा ताळमेळ लावणारे लोक आहोत. एरवी भांडत बसणाऱ्या या दोन्ही बाजूंची कागदपत्रं आमच्या टेबलावर येतात, म्हणून दोन्ही बाजूंचं सांगता येईल.

या दोन अटी वेगवेगळ्या बघितल्या तर दोन्हीत अर्थ आहे. शेल्फ भाडं दुकान का मागतं? फळीवरची जागा मोजकी असते. तुमच्या दोन पाकिटांची रांग जिथे लागणार तिथे आज दुसऱ्या कोणाचा तरी माल विकला जातोय. नवा माल नाही चालला तर त्या जागेची कमाई बुडेल, म्हणून ती जोखीम तुम्ही थोडी उचला, असं दुकान म्हणतं. कन्साईनमेंट का मागतं? न खपलेला माल अंगावर पडू नये म्हणून. माल तुमच्याच मालकीचा राहतो, दुकान फक्त विकून देतं आणि जेवढं विकलं तेवढ्याचेच पैसे देतं.

आता दोन्ही एकत्र ठेवून बघा. जागेची जोखीम तुमची, मालाचीही तुमची. दुकानाने नेमकं काय पणाला लावलं? काहीच नाही. आणि ज्याचं काही पणाला लागलेलं नाही, तो तुमची रिकामी फळी भरायला धावत नाही. आमचा मुख्य आक्षेप इथे आहे, रकमेवर नाही. भाडं द्यायचं असेल तर माल पक्क्या खरेदीने घ्या म्हणा. कन्साईनमेंट हवी असेल तर ठरावीक भाडं नको म्हणा. यातली एकच अट स्वीकारायची.

हिशेबाने दाखवतो. ग्राहक काउंटरवर एका पाकिटाचे 100 देतो असं धरू. कर बाजूला ठेवू, आणि पुढचे सगळे आकडे त्या 100 च्या मापात वाचा. दुकानाचं मार्जिन 30, म्हणजे तुम्हाला 70. माल बनवण्याचा आणि पॅकिंगचा खर्च 40, दुकानापर्यंत पोचवण्याचा 6. पाकिटामागे 24 उरतात. बहुतेकांचा हिशेब इथेच थांबतो, आणि त्या 24 च्या जिवावर सही होते.

समजा 20 दुकानं मिळाली आणि भाडं दर दुकानाला महिन्याचे 150 ठरलं. तीन महिन्यांचे 9,000 झाले. प्रत्येक दुकानात आठवड्याला 5 पाकिटं गेली तर 13 आठवड्यांत एकूण 1,300 पाकिटं जातील. 9,000 त्यांच्यावर वाटले की पाकिटामागे जवळपास 7 येतात. शिवाय 100 पाकिटं विकताना 5 फुटतात किंवा मुदत संपून जातात असं धरलं, तर त्यांचा खर्च विकलेल्या पाकिटामागे सव्वादोन-अडीच. हाती राहिले पावणेपंधरा. चालण्यासारखं आहे.

आता तोच माल आठवड्याला 5 ऐवजी 2 च पाकिटं गेला असं धरा. नव्या मालाच्या बाबतीत हे अजिबात दुर्मिळ नाही. तीन महिन्यांत 520 पाकिटं गेली. भाडं मात्र तेवढंच, 9,000. ते आता पाकिटामागे सव्वासतरा पडतं. माल फळीवर जास्त दिवस पडून राहतो म्हणून वायाही जास्त जातो. शंभराला 12 धरले तर पाकिटामागे साडेपाच. चोवीसमधून हे दोन्ही वजा केले की उरतो एक, आणि वर थोडी चिल्लर. त्यात प्रवास, नमुने, सवलतीचा एखादा आठवडा यातलं काहीच धरलेलं नाही.

म्हणून भाडं कितीही असो, ते रकमेत न मागता विक्रीच्या टक्क्यात मागा. ‘महिन्याचे 150 नको, विक्रीवर 7 टक्के घ्या’ असं म्हटलं तर आठवड्याला 5 च्या वेगाला दुकानाला तेवढेच पैसे मिळतात. वेग 2 वर आला तर तुमच्या हाती एक नाही, साडेअकरा उरतात. खरेदी अधिकारी यावर लगेच म्हणतो, मग मंद मालासाठी मी जागा का अडवू? प्रश्न रास्त आहे. त्याला नाराज न करता उत्तर द्यायचं: 12 आठवड्यांनंतर सरासरी 3 पाकिटांच्या खाली असेल तर आम्ही स्वखर्चाने माल उचलतो, जागा मोकळी. अनेकदा त्याला भाड्यापेक्षा या वाक्याची किंमत जास्त असते. अडकलेला माल आवरण्याचं काम त्याच्या खालच्या माणसांना करावं लागतं आणि त्याचा जाब त्याला द्यावा लागतो.

दुसरी तोड पक्क्या खरेदीची. पहिल्या ऑर्डरीचा 20 टक्क्यांपर्यंत माल न गेल्यास परत घेऊ, पण बाकीचा दुकानाने विकत घेतलेला, अशी बोली करता येते. दर दुकानात 24 पाकिटं म्हणजे पहिली ऑर्डर 480 ची. त्याचे 20 टक्के 96. सगळी परत आली आणि टाकून द्यावी लागली तरी तुमचं नुकसान साडेचार हजारांच्या आत, म्हणजे तीन महिन्यांच्या भाड्याच्या निम्म्याहून कमी. मुख्य म्हणजे आकडा आधीच माहीत. दुकानालाही वाटतं की समोरच्याने काहीतरी जबाबदारी घेतली.

आता कन्साईनमेंटची खरी किंमत. ती टक्क्यात दिसत नाही, दिवसांत दिसते.

करारात लिहिलेलं असतं ‘45 दिवसांत पैसे’. कधीपासून 45? पक्क्या खरेदीत माल मिळाल्यापासून किंवा बिलापासून. कन्साईनमेंटमध्ये विक्रीचा अहवाल आल्यावर तुम्ही बिल करता, तेव्हापासून. आणि अहवाल महिन्यातून एकदा येतो. दिवस मोजू. शून्याव्या दिवशी माल बनवायला घेतला. चौदाव्या दिवशी तो फळीवर लागला. तिथून महिनाभर विक्री झाली. महिना संपल्यावर आठवड्याने अहवाल आला, तो एकावन्नावा दिवस. त्यावर 45 दिवस. पहिला पैसा शहाण्णवाव्या दिवशी. तोही फक्त पहिल्या महिन्याच्या विक्रीचा, म्हणजे साधारण 430 पाकिटांचा.

या काळात फळी रिकामी ठेवता येत नाही. पहिली 480 पाकिटं आणि मग दर आठवड्याला 100 असं धरलं, तर शहाण्णवाव्या दिवसापर्यंत तुमच्याकडून 1,650 च्या आसपास पाकिटं बाहेर गेलेली असतात आणि एकाचाही पैसा आत आलेला नसतो. हाच माल पक्क्या खरेदीत 30 दिवसांच्या उधारीवर दिला असता, तर पहिला पैसा चव्वेचाळिसाव्या दिवशी आला असता, तोवर बाहेर 910 पाकिटं गेली असती, आणि आलेला पैसा पहिल्या सगळ्या 480 पाकिटांचा असता. दोन्हींतला फरक 740 पाकिटांचा. तेवढं भांडवल तुम्ही दुकानाला बिनव्याजी वापरायला दिलेलं असतं. लहान धंदे बऱ्याचदा या टप्प्यावर बसतात. माल खपत असतो, मागणी येत असते, आणि पुढचं पॅकिंग साहित्य आणायला पैसे नसतात. बाहेरच्याला हे यशासारखंच दिसतं.

त्यावर उपाय दोन, आणि दोन्ही मिळण्यासारखे आहेत. एक, विक्रीचा आकडा महिन्याऐवजी आठवड्याला मागा. दुकानाच्या संगणकात तो रोज असतो. तो पाठवायला वेगळं कष्ट नाही. दोन, उधारीचे दिवस अहवालापासून न मोजता ज्या आठवड्यात विक्री झाली त्या आठवड्याच्या शेवटापासून मोजा. एवढ्यानेच पहिला पैसा महिनाभर आधी येतो. ‘45 चे 30 करा’ म्हणून झगडण्यापेक्षा हे सोपं पडतं. दिवसांची संख्या हा दुकानाच्या धोरणाचा भाग असतो, कुठून मोजायचं हा बऱ्याचदा नसतो.

यापुढचा मुद्दा जरा सविस्तर सांगतो. करार करताना त्याकडे कोणी बघत नाही आणि नंतर सगळी भांडणं त्यावरूनच होतात. कन्साईनमेंटमध्ये तुम्हाला पैसे मिळतात ते काउंटरवर स्कॅन झालेल्या पाकिटांचे. तुम्ही पाठवलेल्या पाकिटांचे नव्हे. जे पाकीट दुकानात आलं, स्कॅन झालं नाही आणि फळीवरही नाही, ते कोणाचं? करारात काही लिहिलं नसेल तर ते तुमचं, कारण माल तुमच्याच मालकीचा होता.

एका दुकानाचा महिना घ्या. सुरुवातीला शिल्लक 0. आलेली पाकिटं 72. स्कॅन झालेली 51. फुटली म्हणून परत केलेली 4. म्हणजे फळीवर आणि मागच्या कोठारात मिळून 17 असायला हवीत. मोजली तर 11 भरतात. 6 गायब. आलेल्या मालाच्या हे 8 टक्के. तुमच्या 24 च्या फायद्यातून गायब पाकिटाचे 46 जातात, म्हणजे एक हरवलेलं पाकीट भरून काढायला जवळपास दोन विकावी लागतात.

ही 6 पाकिटं कुठे गेली हे आकड्यांवरूनच बरंचसं कळतं. एका प्रकाराची 6 कमी आणि त्याच दुकानात तुमच्याच दुसऱ्या प्रकाराची 6 जास्त भरली, तर चोरी नाही. ग्राहकाने दोन्ही प्रकार मिळून घेतले आणि कॅशियरने एकच पाकीट स्कॅन करून संख्या टाकली. पैसे तुम्हाला मिळालेत, फक्त नाव चुकलंय. तूट पेटीच्या पटीत असेल, म्हणजे नेमकी 12 किंवा 24, तर पेटी आलीच नाही, किंवा वितरण केंद्रातून दुसऱ्या दुकानाला गेली, किंवा कोठारात दुसऱ्या मालाच्या मागे पडली आहे. आधी शेजारच्या दुकानाचा आकडा बघा. आणि तूट दर आठवड्याला एक-दोन अशी ठिपकत येत असेल, कुठल्याच पटीत बसत नसेल आणि पाकीट खिशात मावणारं असेल, तर ती चोरी. ती दुकानाच्या छपराखाली झालेली आहे.

म्हणून अट अशी लिहून घ्या: दर महिन्याला संयुक्त मोजणी, नाही जमलं तर दुकानाची मोजणी आणि तिचा फोटो, आलेल्या मालाच्या 1 टक्क्यापर्यंतची तूट आमची, त्यापुढची दुकानाने 70 च्या भावाने भरायची. टक्केवारी वाटाघाटीने ठरेल, पण ‘त्यापुढची’ हा शब्द करारात हवा. हे मागणं आगाऊपणाचं आहे असं कोणी म्हटलं तर सांगता येईल की युरोपीय संघाच्या 2019 च्या निर्देशात, 2019/633 क्रमांकाच्या, अन्नपदार्थांच्या बाबतीत हे स्पष्ट आहे. पुरवठादाराची चूक नसताना खरेदीदाराच्या जागेत झालेली नासाडी किंवा तूट पुरवठादाराच्या माथी मारायची नाही. त्याच निर्देशात शेल्फवर ठेवण्याचे पैसे आणि न खपलेला माल पैसे न देता परत करणं, या दोन्ही गोष्टी आधी स्पष्टपणे ठरल्या असतील तरच चालतात. आणि पैसे देण्याची कमाल मुदत नाशवंत मालाला 30 दिवस, बाकीच्याला 60. ब्रिटनमध्ये मोठ्या सुपरमार्केटना लागू असलेल्या किराणा पुरवठा संहितेतही दुकानातल्या तुटीबद्दल पुरवठादाराकडून पैसे घ्यायला मनाई आहे. तुमच्याकडे हे कायदे लागू नसले तरी शब्दरचना उचलायला कोणाची परवानगी लागत नाही.

तुटीचा आणखी एक प्रकार आहे, त्यात पाकीट हरवत नाही, विक्री हरवते. संगणक म्हणतो दुकानात 12 शिल्लक. फळी रिकामी. पेटी कोठारात आहे, किंवा नाहीच. संगणकाला वाटतं माल आहे, म्हणून तो नवी ऑर्डर काढत नाही. ऑर्डर नाही म्हणून माल येत नाही, माल नाही म्हणून विक्री नाही. तीन आठवड्यांनी अहवालात दिसतं की या दुकानात माल चालत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: आठवड्याला 4-5 पाकिटं नेणारं दुकान अचानक सलग दहा दिवस शून्य दाखवत असेल आणि शिल्लक मात्र तशीच असेल, तर मागणी आटलेली नाही, फळी रिकामी आहे. त्याच दिवशी दुकानात फोन करा किंवा माणूस पाठवा, आणि शिल्लक संगणकात दुरुस्त करून घ्या. नुसती पेटी फळीवर लावून घेतली आणि संगणकातला आकडा तसाच राहिला तर पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

म्हणूनच चाचणीचा निकाल कसा मोजायचा ते आधी लिहून घ्यायचं. ‘दुकानामागे आठवड्याला किती’ हे मोजताना ज्या दिवशी फळीवर माल होता तेच दिवस धरा. चार आठवड्यांत 12 पाकिटं गेली म्हणजे आठवड्याला 3. पण त्यातले दोन आठवडे फळी रिकामी होती तर खरा वेग 6. पहिल्या आकड्यावर माल काढला जातो, दुसऱ्यावर दुकानं वाढतात.

दुकानं किती मागायची? कमी. सगळी साखळी एकदम मिळत असेल तरी 15-20 च्या वर जाऊ नका. शंभर दुकानांत प्रत्येकी 24 पाकिटं म्हणजे विक्री सुरू व्हायच्या आधी 2,400 पाकिटं नुसती फळ्या भरण्यात गेली. आणि शंभर दुकानांत कोणाची फळी रिकामी आहे हे बघायला तुमच्याकडे माणूस नाही. वेळेचंही भान हवं. बहुतेक साखळ्या एका विभागाच्या फळ्यांची फेरमांडणी वर्षातून एक-दोनदाच करतात. ती झाल्यावर गेलात तर चांगला मालही सहा महिने थांबतो. पहिल्या भेटीत हे विचारायला लाजू नका: या विभागाची पुढची मांडणी कधी आहे आणि त्यासाठी नमुने कोणत्या तारखेपर्यंत हवेत? भेटीला नेण्याच्या कागदावर तुमच्या मालाची थोरवी कमी आणि छोट्या दुकानांतला विक्रीचा वेग जास्त दिसू द्या. खरेदी अधिकारी फळीच्या हिशेबाने विचार करतो: आठवड्याला 5 पाकिटं आणि मार्जिन 30, म्हणजे या जागेतून मला आठवड्याला 150. आज तिथे जो माल आहे तो किती देतो? या प्रश्नाचं उत्तर तुमच्या कागदावर असेल तर अर्धं काम झालं.

मुदतीचा हिशेब पेटीच्या आकाराशी जोडलेला आहे, हे फार उशिरा लक्षात येतं. समजा मालाची मुदत 180 दिवस. अनेक साखळ्या म्हणतात, माल आमच्याकडे येईल तेव्हा दोन तृतीयांश मुदत शिल्लक हवी, म्हणजे 120 दिवस. मुदत संपायला 30 दिवस राहिले की पाकीट फळीवरून काढायचं असाही नियम असतो. उरले 90. आता आठवड्याला 2 पाकिटं नेणाऱ्या दुकानात तुम्ही 12 च्या दोन पेट्या ठेवल्या तर त्या संपायला 84 दिवस लागतात. सहा दिवसांचं अंतर राहिलं. एखादा आठवडा मंद गेला की माल परत. हाच माल 6 च्या पेटीत दिला असता तर मंद दुकानात 12 पाकिटं ठेवता आली असती आणि ती 42 दिवसांत संपली असती. छोट्या पेटीचा पुठ्ठ्याचा खर्च थोडा जास्त येतो म्हणून लोक टाळतात. एक पेटी परत येणं टळलं तरी तो खर्च कितीतरी वेळा वसूल होतो.

बारकोडबद्दल थोडक्यात. प्रत्येक प्रकाराला आणि प्रत्येक वजनाला स्वतंत्र 13 अंकी क्रमांक, बारकोड क्रमांक देणाऱ्या जीएस1 संस्थेकडून रीतसर घेतलेला. पेटीला वेगळा. छापलेलं निव्वळ वजन बदललं तर क्रमांकही बदलायचा. जुन्याच क्रमांकावर नवं वजन पाठवलं की दुकानाच्या संगणकात दोन वेगळे माल एकाच नावाखाली जमा होतात आणि मग वरच्या मोजणीला काही अर्थ उरत नाही. रेघा लाल रंगात छापू नका. स्कॅनरचा प्रकाश बहुधा लाल असतो, त्याला लाल रेघ पांढऱ्यासारखीच दिसते. कॅशियर पाकीट तीनदा फिरवतो आणि मग शेजारच्या प्रकारचं स्कॅन करून मोकळा होतो.

आता वजावट. ठरलेले पैसे पूर्ण कधीच येत नाहीत. भाडं, सवलत, फुटलेला माल, उशिराचा दंड असं काय काय डेबिट नोटने कापून उरलेली रक्कम खात्यात पडते. करारात एवढं लिहून घ्या की प्रत्येक डेबिट नोटवर दुकान, तारीख, बारकोड, संख्या आणि कारण असेल, आणि तिच्यावर हरकत घ्यायला 30 दिवस मिळतील. ‘विविध वजावट’ असा एकच ओळीचा आकडा स्वीकारू नका. आणि सगळ्यात जास्त सापडणारी वजावट म्हणजे ‘माल कमी आला’. ती वितरण केंद्राच्या दारात जन्मते. गाडीवाला 40 पेट्या उतरवतो, समोरचा ‘न मोजता स्वीकारल्या’ असा शिक्का मारून सही देतो, आणि दोन दिवसांनी संगणकात 38 ची पावती बनते. गाडीवाल्याला पक्कं सांगून ठेवा: पेट्यांची संख्या अंकात आणि अक्षरात लिहून घे, माल मिळाल्याच्या पावतीचा क्रमांक घेतल्याशिवाय गाडी हलवू नको, क्रमांक मिळत नसेल तर उतरवलेल्या पेट्यांचा फोटो तिथेच काढ. प्रत्येक पेटीवर ‘40 पैकी 1’ असा अनुक्रम टाकला तर कमी आलेल्या दोन पेट्या कोणत्या, हे समोरच्याला सांगावं लागतं. बऱ्याचदा तिथेच त्या सापडतात.

कन्साईनमेंटच्या मालावर मालकी तुमची, असं वर म्हटलं. साखळीच बुडाली तर हे वाक्य कामाला येतं, पण अर्धंच. फळीवरचं पाकीट तुमचं, हे सिद्ध करायला करारात मालकीचं कलम आणि चलनावर ‘कन्साईनमेंट’ हा शब्द हवा. काही देशांत अशा मालाची सरकारी नोंदणीही लागते, नाही तर दुकानाला कर्ज देणारी बँक तो दुकानाचाच माल समजते. विकल्या गेलेल्या पाकिटांचे पैसे मात्र दुकानाच्या खात्यात मिसळलेले असतात, आणि त्यांच्यासाठी तुम्ही रांगेतले एक साधे घेणेकरी होऊन बसता. म्हणून थकबाकी दोन महिन्यांच्या विक्रीपुढे गेली की पुढचा माल थांबवण्याचा हक्क लिहून ठेवा, आणि तो वापरा.

बाहेर पडण्याच्या अटी आत शिरतानाच ठरवायच्या असतात. माल काढायचा असेल तर किमान 60 दिवसांची लेखी सूचना. सूचनेनंतर दुकानाने नवी ऑर्डर काढली तर ती पक्क्या खरेदीची. सुरुवातीला माल दुकानाच्या यादीत घेण्याचे, म्हणजे लिस्टिंगचे, एकरकमी पैसे घेतले असतील तर वर्ष पुरं न झालेल्या महिन्यांचे परत. आणि शेवटची मोजणी. ती दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर, माल फळीवरून काढण्याच्या आधी व्हायला हवी. पेट्या बांधून गाडीत चढल्यावर केलेली मोजणी दुकान मान्य करत नाही, आणि खातं मिटवताना दुकान माल फळीवर असताना झालेल्या मोजणीच्या आकड्यावरूनच शेवटचं बिल कापतं.

आपले,
साखळी दुकानांच्या खात्यांचे ताळमेळ लावणारे काही जण